सर्वनाम बदलल्याने शुभेच्छा बदलत नाही

मराठी माणसाच्या वर्षात नववर्षाचे तीन दिवस येतात: चैत्र शुद्ध प्रतिपदेचा गुढीपाडवा, म्हणजे शालिवाहन शकाचा आरंभ, कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा दिवाळीतील पाडवा, ज्या दिवसापासून विक्रम संवत मानणारे व्यापारी नवी वही सुरू करतात, आणि १ जानेवारी. या तिन्ही दिवशी पाठवल्या जाणाऱ्या शुभेच्छांविषयी एक मत अलीकडे बरेच रूढ झाले आहे. शुभेच्छेमागचा भाव सर्वांसाठी सारखाच असतो, त्यामुळे मजकूरही एकच असण्यास हरकत नाही. मित्र, सहकारी आणि वडीलधारी यांच्यात फरक करायचाच असेल तर ‘तुला’ऐवजी ‘तुम्हाला’ किंवा ‘आपणांस’ असे सर्वनाम बदलले की पुरते. आणि याहून अधिक भेद करणे ही जुन्या काळातील उतरंड जपण्याची धडपड आहे, असे हे मत थोडक्यात सांगता येईल. ते मांडणारे लोक आळशी किंवा अनास्थ नसतात. त्यांपैकी अनेकांना समतेची खरी चाड असते, आणि म्हणूनच हे मत दुर्लक्षून चालत नाही. ते चुकीचे आहे, आणि ते कुठे चुकते हे मराठी भाषेच्या रोजच्या वापरातूनच दाखवता येते.

प्रथम सर्वनामाचा मुद्दा घ्यावा, कारण सगळ्या युक्तिवादाचा भार त्याच्यावर आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत आईला ‘तू’ म्हटले जाते; अनेक घरांत आजीलाही ‘तू’ म्हणतात, आणि आता कित्येक घरांत वडिलांनाही. जिवलग मित्राला तर ‘तू’ म्हटलेच जाते. सर्वनामावरून शुभेच्छेचा सूर ठरत असता, तर आईला आणि मित्राला पाठवायचा मजकूर एकच झाला असता. प्रत्यक्षात पाडव्याच्या सकाळी परगावी असलेला मुलगा आईला फोनवर म्हणतो, ‘आई, नमस्कार करतो गं,’ आणि मित्राला म्हणतो, ‘काय रे, पाडव्याला तरी घरी आहेस का?’ दोघांसाठीचे सर्वनाम तेच आहे, आणि तरीही या दोन वाक्यांची जागा बदलता येत नाही. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते. कार्यालयातील समवयस्क सहकारी आणि गावाकडचे काका या दोघांनाही ‘तुम्ही’ म्हटले जाते. परंतु काकांपुढे वाकून नमस्कार करणारा माणूस सहकाऱ्यापुढे वाकत नाही, आणि वाकला तर त्या सहकाऱ्यालाच अवघडल्यासारखे होईल. एकाच सर्वनामाखाली दोन वेगळे सूर आणि वेगवेगळ्या सर्वनामांखाली एकच सूर असे दोन्ही प्रकार भाषेत सहज आढळत असतील, तर सूर ठरवणारी गोष्ट सर्वनाम नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागते.

मग ती गोष्ट कोणती, हे समजण्यासाठी सर्वांत अधिक वापरात असलेले वाक्य जवळून पाहणे उपयोगी ठरेल: ‘हे नूतन वर्ष आपणांस व आपल्या कुटुंबीयांस सुखाचे, समृद्धीचे व भरभराटीचे जावो.’ यातील ‘जावो’ हे रूप व्याकरणात आज्ञार्थ म्हणून ओळखले जाते. आज्ञार्थ म्हणजे क्रियापदाचे असे रूप, ज्यातून आज्ञा, विनंती, प्रार्थना किंवा आशीर्वाद व्यक्त होतो. ‘ये’, ‘या’, ‘दे’ ही त्याची द्वितीय पुरुषातील रूपे, तर ‘जावो’, ‘होवो’, ‘लाभो’ ही तृतीय पुरुषातील. मराठी शाळेत ‘देव तुझे भले करो’ हे वाक्य याच आज्ञार्थाचे आणि त्यातही आशीर्वादाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते. ‘जावो’ किंवा ‘लाभो’ असे म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला काहीतरी देत असतो, निदान देण्याच्या जागी उभा असतो. मित्राने मित्राला असे काही दिले तर त्यात गैर काही नाही. सहकाऱ्याने सहकाऱ्याला दिले तरीही नाही. परंतु मराठी घरातील रीत अशी आहे की लहान माणूस मोठ्याला आशीर्वाद देत नाही. तो नमस्कार करतो आणि आशीर्वाद घेतो. नववर्षाच्या शुभेच्छेत वडीलधाऱ्यांसाठी सूर बदलतो तो नेमका या ठिकाणी, कारण देण्याघेण्याची दिशाच येथे उलटते.

भाषेने ही अडचण फार पूर्वीच ओळखली आहे, याचा पुरावा अत्यंत परिचित अशा एका वाक्यरचनेत सापडतो. मोठ्या माणसांना लिहिताना मराठी माणूस ‘आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो’ एवढ्यावर थांबत नाही. तो पुढे ‘ही ईश्वरचरणी प्रार्थना’ असे जोडतो. ही जोड अनेकांना भक्तिभावाची सजावट वाटते आणि म्हणून सुटसुटीत मजकुराच्या नावाखाली ती गाळली जाते. वस्तुतः तिचे काम व्याकरणाइतकेच नेमके आहे. ज्याला दीर्घायुष्य देण्याचा अधिकार लहानाकडे नाही, त्याच्यासाठी लहान माणूस ते दुसऱ्याकडे मागतो, आणि त्यामुळे आशीर्वादाचे वाक्य प्रार्थनेचे वाक्य होते. ‘लाभो’ हे रूप तसेच राहते, पण ते आता मोठ्या माणसाकडे न वळता वर वळते. ज्यांची ईश्वरावर श्रद्धा नाही त्यांनाही हा मार्ग बंद नाही. ‘आपली तब्येत उत्तम राहावी, अशी मनापासून इच्छा आहे’ असे म्हणताना ‘राहावी’ हे विध्यर्थी रूप, म्हणजे इच्छा किंवा योग्यता दाखवणारे रूप, तेच काम करते, कारण त्यात देणे नसून केवळ इच्छिणे आहे.

पत्रलेखनाच्या जुन्या रिवाजाकडे पाहिले तर हीच दिशा आणखी स्पष्ट दिसते. पत्राच्या आरंभीच्या ठरावीक संबोधनाला मायना म्हणतात. वडिलांना लिहिताना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना लिहिताना ‘तीर्थस्वरूप’ असा मायना येई, आणि त्यापाठोपाठ ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. लहानाला ‘चि.’, म्हणजे चिरंजीव, आणि ‘अ. उ. आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्राच्या शेवटी ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ असे एकच वाक्य येई आणि त्या एका वाक्यात अख्ख्या घराची विभागणी होई. पत्र घरात मोठ्याने वाचले जाताना आजोबांना त्यातला नमस्कार पोचत असे आणि पाळण्यातल्या बाळाला आशीर्वाद. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी कोणते सर्वनाम वापरावे याचा विचार केलेला नाही. त्यांनी कोणाला काय द्यायचे आणि कोणाकडून काय घ्यायचे याचा विचार केला आहे.

या रिवाजात टाकून देण्यासारखे काहीच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. विधवा स्त्रीच्या नावामागे ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, असे लिहून प्रत्येक पत्रात तिच्या वैधव्याची आठवण करून देणारा मायना हा त्याच रिवाजाचा भाग होता, आणि तो गेला हे उत्तम झाले. स्त्रीची ओळख तिच्या पतीच्या असण्या-नसण्यावरून सांगणारी संबोधने नववर्षाच्या शुभेच्छेत आजही अधूनमधून येतात, ती गाळावीत. मात्र एका वाईट खुणेमुळे सगळा भेदच टाकून देणे हा उपाय रोगापेक्षा मोठा आहे. ‘गं. भा.’ हे संबोधन माणसाची स्थिती सांगत होते, ‘सा. न.’ हा नमस्कार लिहिणाऱ्याचे नाते सांगत होता. पहिले गेले तरी दुसऱ्याला धक्का लागण्याचे कारण नाही.

उतरंडीचा आक्षेपही याच ठिकाणी तपासून पाहिला पाहिजे, कारण तो सर्वांत गंभीर आहे. वडीलधाऱ्यांसाठी वेगळा सूर म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. हे म्हणणे खरे असते तर मराठी कार्यालयांत सूर पदावरून ठरला असता. परंतु महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत आणि कचेऱ्यांत वयस्कर शिपायाला ‘मामा’ म्हणतात, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिशीतला अधिकारी त्यांना ‘मामा, काल गुढी उभारली का? पाडव्याचा नमस्कार,’ असे म्हणतो तेव्हा त्यात पदाची उतरंड पाळलेली नसून उलटवलेली असते. हाच अधिकारी आपल्याहून वयाने लहान लिपिकाला ‘आशीर्वाद’ असे लिहीत नाही, लिहू नये, कारण वयाने आशीर्वाद देण्याची जागा मिळत असली तरी कार्यालयाने ती दिलेली नाही; तेथे दोघे सहकारी आहेत. म्हणजे वय, पद आणि जवळीक या तीन गोष्टी एकमेकींना काटत जातात, आणि त्या त्या प्रसंगी कोणती गोष्ट वरचढ आहे हे बोलणाऱ्याला ओळखावे लागते. एकाच मजकुराचा आग्रह धरणारे समतेच्या नावाखाली ही ओळख पुसून टाकतात आणि परिणामी मामांना मिळणारा नमस्कार नाहीसा होतो.

सहकाऱ्यांसाठीचा सूर सर्वांत अधिक गैरसमजांना बळी पडतो, कारण तो केवळ औपचारिक असावा असे मानले जाते. औपचारिकता हा त्याचा एक गुण आहे. त्याचे खरे लक्षण मर्यादा हे आहे. सहकाऱ्याच्या आयुष्याचा जो भाग लिहिणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यावर बोलण्याचा त्याला हक्क आहे, तेवढ्याच भागाविषयी शुभेच्छा असावी: आरोग्य, काम, एकत्र हाती घेतलेली जबाबदारी. अविवाहित सहकारी स्त्रीला ‘या वर्षी लग्नाचा योग येवो’ असे लिहिणारा मनुष्य वाईट हेतूने लिहीत नसेल, पण मित्राचा सूर त्याने सहकाऱ्याच्या जागी आणलेला असतो. वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकत्र काम करतात तेथे सर्वांना मिळून पाठवलेल्या संदेशात देवदेवता आणि पंचांग न आणता १ जानेवारीला साधे ‘आपणां सर्वांना नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिणे अधिक उचित, तर पाडव्याची शुभेच्छा ज्याच्या घरी गुढी उभारली जाते त्याला स्वतंत्रपणे. मुंबईच्या बाजारपेठेत गुजराती सहकारी कार्तिक प्रतिपदेला ‘साल मुबारक’ म्हणतो तेव्हा त्याला ‘साल मुबारक’ असेच उत्तर देणारा मराठी माणूस हीच मर्यादा सहजपणे पाळत असतो.

या औपचारिक मजकुरातच व्याकरणाचा एक दोष वारंवार आढळतो आणि तो येथे नोंदवणे आवश्यक आहे. ‘आपल्या सर्व इच्छा पूर्ण होवो’ असे सर्रास लिहिले जाते. ‘इच्छा’ हे रूप एकवचनी व अनेकवचनी सारखेच असल्याने चूक लक्षात येत नाही. परंतु ‘सर्व’ या शब्दामुळे येथे इच्छा अनेक आहेत, म्हणून ‘होवोत’ हवे. मित्राला लिहिताना अशी चूक खपून जाते. कार्यालयाच्या नावे पाठवलेल्या पत्रात ती खपत नाही, कारण तेथे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची जवळीक ठाऊक नसते आणि भाषेतील काळजी हाच आदराचा एकमेव पुरावा त्याच्यापुढे असतो.

मित्राचा सूर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, आणि एकच मजकूर सर्वांना पाठवण्याने सर्वांत मोठे नुकसान त्याचेच होते. ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस’ हे शब्द वाचून जुना मित्र हमखास विचारतो, ‘काय रे, रागावलास का?’ मराठीत जवळच्या माणसाशी अचानक आदराने बोलणे हे दुरावल्याचे लक्षण मानले जाते, हे त्यामागचे कारण आहे. मित्रांच्या बोलण्यात ‘जावो’ची जागा ‘जाऊ दे’ घेते: ‘हे वर्ष तरी मस्त जाऊ दे रे बाबा.’ ‘अरे’, ‘अगं’, ‘रे’, ‘गं’ ही इवलीशी अव्यये तेथे जेवढे काम करतात तेवढे ‘हार्दिक’, ‘मंगलमय’, ‘आनंददायी’ ही सगळी विशेषणे मिळूनही करू शकत नाहीत. आज्ञार्थ येथे आशीर्वाद म्हणून येत नाही, तो सरळ आज्ञा म्हणून येतो आणि तोच प्रेमाचा ठरतो. उदाहरणादाखल असा मजकूर कल्पिता येईल: ‘पाडव्याला संध्याकाळी घरी ये. आईने श्रीखंड केलंय. गेल्या वर्षी येतो म्हणून आला नाहीस ते तिच्या अजून लक्षात आहे.’ यात शुभेच्छा हा शब्दही नाही, आणि तरीही ती पुरेपूर पोचते; कारण मित्राच्या शुभेच्छेचा कस तिच्यात दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट आहे की नाही यावर लागतो. शंभर जणांना पाठवलेल्या मजकुरात अशी गोष्ट असूच शकत नाही.

हे तिन्ही सूर एकाच दिवशी कसे वेगळे होतात आणि त्यांत चूक कुठे होते, हे कल्पित पण नित्याच्या अशा एका प्रसंगावरून पाहता येईल. पुण्यात नोकरी करणारी एक स्त्री पाडव्याच्या दिवशी तिघांना लिहिणार आहे: महाविद्यालयातील मैत्रीण, स्वतःहून दोन वर्षांनी लहान असलेली विभागप्रमुख, आणि साताऱ्याला राहणारे मामा, ज्यांची पत्नी याच वर्षी वारली. तिघांना एकच सजवलेले चित्र पाठवणे तिला सहज शक्य आहे. मैत्रिणीला ते मिळाले तर ती दुखावणार नाही. ती फक्त उत्तर म्हणून दुसरे एक चित्र पाठवील आणि बोलणे तेथेच संपेल. तिला ‘अगं, कडुलिंब खाल्लास का या वर्षी तरी?’ एवढे विचारले असते तर तासाभराचे बोलणे झाले असते. विभागप्रमुख वयाने लहान आहे, परंतु तिला ‘खूप मोठी हो’ असे लिहिणे म्हणजे कार्यालयातील नाते बाजूला सारून वयाची जागा घेणे होय. ‘मॅडम, आपणांस नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. हे वर्ष आपल्या विभागाला यशाचे जावो,’ हा मजकूर योग्य, कारण त्यातील ‘आपल्या’ हा शब्द दोघींनाही सामावून घेतो.

खरी कसोटी मामांच्या मजकुराची आहे. अनेक मराठी घरांत मृत्यूनंतर वर्षश्राद्धापर्यंत सण साजरे केले जात नाहीत. त्या घरी या पाडव्याला कदाचित गुढी उभारलेली नसेल, श्रीखंडही नसेल. अशा घरी ‘मंगलमय’ आणि ‘आनंददायी’ या शब्दांनी भरलेला मजकूर पोचला तर तो केवळ विजोड ठरत नाही, तर पाठवणाऱ्याला त्या घराची आठवणच नव्हती असे सांगतो. तेथे लिहायचे ते असे: ‘मामा, पाडव्याचा नमस्कार. मामींची आज फार आठवण येते. पुढच्या रविवारी येते, आशीर्वाद असू द्या.’ आणि शक्य असेल तर तेही लिहू नये, फोन करावा. यात शुभेच्छा कोठेही नाही, समृद्धी आणि भरभराट नाही, पण नमस्कार आहे, येण्याचा शब्द आहे आणि आशीर्वादाची मागणी आहे. सर्वनाम बदलून हा मजकूर तयार होत नाही. सर्वांना एकच मजकूर असे म्हणणाऱ्या मताकडे मामांसाठी मुळात मजकूरच नाही.

मजकूर योग्य जागी पोचला की नाही, हे ओळखण्याची खूणही याच व्यवहारात आहे, आणि ती म्हणजे उत्तर. वडीलधाऱ्यांना ‘नूतन वर्ष सुखाचे जावो’ असे पाठवले तर त्यांच्याकडून बहुधा ‘तुलाही शुभेच्छा’ असे उत्तर येते. देण्याची त्यांची जागा मजकुराने आधीच घेतलेली असल्याने त्यांच्याजवळ परत करण्यासारखे तेवढेच उरते. ‘नमस्कार करते, आशीर्वाद द्या’ असे लिहिले तर उत्तर येते ‘आयुष्यवान हो’, ‘सुखी राहा’, ‘कल्याण असो’. ज्या आजोबांना वर्षभर कोणी काही मागितलेले नसते, त्यांना त्या दिवशी काही देता येते. दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन लहान मोठ्यांकडे जातात आणि पायावर डोके ठेवतात, संक्रांतीला तिळगूळ देऊन नमस्कार करतात, ते याच कारणाने. मोठे माणूस त्यानंतर पाठीवर हात ठेवते. नववर्षाच्या संदेशात हा हात ठेवण्याची जागा शिल्लक ठेवणे, एवढेच लहानांकडून अपेक्षित आहे.

अनेकांना लिहायचे असते आणि वेळ नसतो, हा आक्षेप शेवटी उरतो, आणि तो प्रामाणिक आहे. त्याला उत्तर असे की सर्वांनाच वेगळे लिहिण्याची गरज नाही. दूरच्या परिचितांना व कार्यालयातील मोठ्या गटाला एक शुद्ध, साधा मजकूर पुरतो आणि तो त्यांना शोभतोही. वेळ काढायचा तो मोजक्या मित्रांसाठी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी. येत्या पाडव्याला वाचकांनी निदान आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसासाठी तयार मजकूर बाजूला ठेवावा, त्यातील ‘जावो’ खोडावे, आणि त्या जागी नमस्कार लिहावा.